सेन्सिटिव्हिटी इंटिग्रल प्रमेय: एका फ्रिक्वेन्सीला दाबलेली चूक दुसरीकडे का वाढते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नक्की कशाचे गुणोत्तर?

फीडबॅक नसताना बाहेरच्या धक्क्याने आउटपुट जितके हलले असते, त्याच्या किती पट ते फीडबॅक लावल्यावर हलते, हे सांगणारे गुणोत्तर म्हणजे सेन्सिटिव्हिटी. कंट्रोलर आणि प्लांट मिळून होणाऱ्या लूप गेनला L म्हटले, तर

```
S = 1 / (1 + L)
```

|S| = ०.१ म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीचा धक्का दहापट दबला. |S| = १ म्हणजे फीडबॅक असून नसल्यासारखा. |S| = २ म्हणजे लूप उघडा ठेवला असता तर जेवढा त्रास झाला असता, त्याच्या दुप्पट त्रास लूप बंद केल्यामुळे होतो आहे. या तिसऱ्या शक्यतेकडे लोक सहसा डोळेझाक करतात. लूप स्थिर आहे, स्टेप रिस्पॉन्सही बरा दिसतो, मग धक्का वाढेल कशाला, अशी समजूत असते. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक खऱ्या लूपमध्ये असा एक पट्टा असतोच, आणि तो का टाळता येत नाही हेच हे प्रमेय सांगते.

प्रमेय काय म्हणते?

हेंड्रिक बोडे बेल लॅब्जमध्ये टेलिफोनच्या अॅम्प्लिफायरसाठी फीडबॅकचा अभ्यास करत होते. त्यांच्या १९४५ च्या पुस्तकात हा निकाल आहे. तिथे तो स्थिर लूप गेनपुरता होता. फ्रॉइडनबर्ग आणि लूझ यांनी १९८५ मध्ये तो अस्थिर प्लांटपर्यंत नेला. आज वापरतो ते रूप असे:

```
∫₀^∞ ln|S(jω)| dω = π · Σ Re(p_k)
```

इथे p_k म्हणजे L चे उजव्या अर्ध्या प्रतलातले, म्हणजे अस्थिर, पोल. अटी दोन आहेत. बंद लूप स्थिर हवा, आणि L च्या छेदाची कोटी अंशाच्या कोटीपेक्षा किमान दोनने जास्त हवी. अस्थिर पोल एकही नसेल तर उजवी बाजू शून्य होते. मग ln|S| चा आलेख शून्याच्या खाली जितके क्षेत्रफळ व्यापतो, तितकेच त्याला शून्याच्या वर व्यापावे लागते. पाण्याने भरलेली गादी एका जागी दाबली की दुसरीकडे फुगते, तसे हे आहे. म्हणूनच याला ‘वॉटरबेड इफेक्ट’ हे नाव पडले.

प्रमेय फक्त एकूण क्षेत्रफळ ठरवून देते. ते कुठे आणि किती उंचीने वाटायचे हे डिझाइन करणाऱ्याच्या हातात असते, आणि या विषयातले खरे काम तेवढेच आहे.

पण हे होते कशामुळे? गणित बाजूला ठेवून कारण सांगता येईल का?

नायक्विस्ट आलेखावर ते डोळ्यांना दिसते. 1 + L म्हणजे −१ या बिंदूपासून L च्या वक्रापर्यंतचे अंतर, आणि |S| म्हणजे त्या अंतराचा व्यस्त. −१ भोवती एक त्रिज्येचे वर्तुळ काढा. वक्र या वर्तुळाच्या आत असेल तिथे |S| एकाहून जास्त, बाहेर असेल तिथे कमी.

आता छेदाची कोटी दोनने जास्त असण्याचा अर्थ पाहा. फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसा L हा −K/ω² सारखा वागू लागतो. म्हणजे त्याचा फेज −१८० अंशांकडे जातो आणि वक्र मूळबिंदूत डाव्या बाजूने शिरतो. मूळबिंदू त्या वर्तुळाच्या काठावर आहे, आणि त्याच्या लगेच डावीकडचा भाग वर्तुळाच्या आत. त्यामुळे वक्राला वर्तुळात शिरल्यावाचून मूळबिंदूपर्यंत पोहोचताच येत नाही. |S| कुठेतरी एकाच्या वर जाणार हे इथेच ठरले.

दोन्ही क्षेत्रफळे नेमकी सारखी का, हे मात्र चित्रावरून कळत नाही. त्यासाठी कोशीचे प्रमेय लागते. बंद लूप स्थिर असेल आणि L ला अस्थिर पोल नसतील, तर ln S हे उजव्या अर्ध्या प्रतलात कुठेही बिघडत नाही. मग काल्पनिक अक्ष आणि उजवीकडचे मोठे अर्धवर्तुळ मिळून होणाऱ्या बंद वाटेवर त्याचे इंटिग्रल शून्य येते. L पुरेसा वेगाने विरत असल्याने अर्धवर्तुळाचा हिस्सा नाहीसा होतो, आणि अक्षावरचा हिस्सा एकटा शून्य उरतो. अस्थिर पोल असला की तिथे S शून्य होते, ln S फुटते, आणि तो प्रत्येक पोल उजव्या बाजूत आपली भर टाकतो.

एक उदाहरण आकड्यांसकट दाखवाल का?

डीसी मोटरवर चालणारा साधा पोझिशन सर्व्हो घेऊ. मोटरचा व्होल्टेजपासून कोनापर्यंतचा संबंध 1/(s(s+10)) या घाटाचा धरू, कंट्रोलर निव्वळ गेन:

```
L(s) = K / (s(s + 10))
```

आधी K = १०० ठेवू. १ रेडियन/सेकंदाला |S| = ०.१०१, म्हणजे हळू बदलणारा भार दहापट दबतो. |S| एकाला ओलांडते ७.०७ रेडियन/सेकंदाला, आणि शिखर गाठते ११.७ ला. शिखराची उंची १.४७, म्हणजे ३.३ डीबी. ७.०७ च्या खालचे ऋण क्षेत्रफळ हिशोब केल्यावर सुमारे ८.५ भरते आणि वरचे धन क्षेत्रफळही तेवढेच.

आता कुणी म्हणते, दहापट पुरत नाही, चाळीसपट हवे. गेन चौपट करून K = ४०० केला. १ रेडियन/सेकंदाला |S| आता ०.०२५ झाले, मागणी पुरी झाली. पण ऋण क्षेत्रफळ ८.५ वरून २३.४ वर गेले, आणि धन बाजूलाही तेवढे जमा झाले. शिखर १.४७ वरून २.२८ वर, म्हणजे ७.२ डीबीवर चढले आणि सरकून २१ रेडियन/सेकंदाच्या आसपास आले. म्हणजे साधारण ३.४ हर्ट्झ. त्या जागी आधी |S| फक्त १.२२ होते. शेजारच्या पंख्याचे किंवा पट्ट्याचे कंपन नेमके ३ ते ४ हर्ट्झचे असेल, तर गेन वाढवल्यावर टेबल आधीपेक्षा जास्त थरथरेल. दोष मोटरचाही नसेल, सेन्सरचाही नसेल.

जाता जाता एक गोष्ट. या दोन्ही लूपचा गेन मार्जिन अनंत आहे, कारण फेज −१८० पर्यंत कधी पोहोचतच नाही. फक्त गेन मार्जिन पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच सुरक्षित वाटतील. |S| चे शिखर हे जास्त प्रामाणिक माप आहे. साधारण १.३ ते २ च्या दरम्यान ते ठेवावे असा प्रघात आहे, आणि २ च्या वर गेले की मोटरच्या किंवा भाराच्या किरकोळ फरकानेही लूप घुटमळू लागतो.

बोडे आलेखावर वरचा उंचवटा खालच्या खळग्यापेक्षा फारच लहान दिसतो. क्षेत्रफळे सारखी कशी?

कारण बोडे आलेखाचा आडवा अक्ष लॉगरिदमिक असतो, आणि इंटिग्रल सरळ ω वर आहे. लॉग अक्षावर ०.१ ते १ आणि १० ते १०० हे दोन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे दिसतात. प्रत्यक्षात पहिल्याची रुंदी ०.९ आणि दुसऱ्याची ९०. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीचा खोल खळगा दिसतो त्यापेक्षा खूप स्वस्त असतो, आणि वरचा बुटका उंचवटा दिसतो त्यापेक्षा खूप मोठा. आडवा अक्ष सरळ करून आलेख पुन्हा काढला की शंका फिटते. वरच्या उदाहरणाची पडताळणी अशी करता येईल:

```python
import numpy as np
w = np.linspace(1e-3, 20000, 4_000_000)
s = 1j * w
for K in (100, 400):
    S = 1 / (1 + K / (s * (s + 10)))
    f = np.log(abs(S))
    area = np.sum((f[1:] + f[:-1]) / 2 * np.diff(w))
    print(K, abs(S).max(), area)
```

area शून्याच्या अगदी जवळ येईल. ω ची वरची मर्यादा २०००० ऐवजी १०० ठेवली, तर K = ४०० साठी उत्तर साधारण −४ येईल, कारण शेपटीतले K/ω एवढे क्षेत्रफळ मोजायचे राहून जाते. ‘प्रमेय जुळत नाही’ अशा तक्रारींमध्ये बहुतेक वेळा हेच निघते.

शिखर खाली आणता येत नाही का? गेन तर कमी करायचा नाही.

येते, पण क्षेत्रफळ पसरवून. वरच्याच लूपमध्ये डेरिव्हेटिव्ह क्रिया, म्हणजे फेज लीड, घालू:

```
L(s) = 400 (1 + 0.05 s) / ( s (s + 10)(1 + 0.005 s) )
```

१ रेडियन/सेकंदाला |S| जवळपास तेच, ०.०२५. शिखर मात्र २.२८ वरून १.१० वर उतरले. फेज मार्जिन २८ अंशांवरून ६६ अंशांच्या आसपास गेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला इथे प्रमेय हरले असे वाटते. ते हरलेले नाही, इंटिग्रल अजूनही शून्यच आहे. आता |S| साधारण ४० पासून ८० पर्यंत १.१ च्या आसपास सपाट राहते आणि पुढे कित्येक शे रेडियन/सेकंदांपर्यंत एकाच्या किंचित वर रेंगाळते. उंच, अरुंद सुळक्याचे लांबलचक बुटके पठार झाले.

याची किंमत वेगळ्या खात्यात दिसते. या कंट्रोलरचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा गेन खालच्यापेक्षा दहापट आहे. एन्कोडरच्या पायऱ्यांचा आवाज दहापट होऊन ड्राइव्हला जातो, मोटर गुणगुणते, तापते, आणि छोट्या धक्क्यालाही व्होल्टेज मर्यादेला भिडते. पठार टिकवायचे तर २०० रेडियन/सेकंदांपर्यंत प्लांटचा गेन आणि फेज आपल्या मॉडेलबरहुकूम असायला हवा. मोटर आणि भार यांच्यामधला कपलिंग लवचिक असेल आणि त्याचा रेझोनन्स १५० ला बसला असेल, तर एवढे पसरायला जागाच नाही.

म्हणजे पसरवायला जागा किती आहे यावर सगळे ठरते?

हो. आणि या प्रमेयाचा उपयोगही इथेच आहे. नुसते ‘क्षेत्रफळ शून्य’ कुणालाच अडवत नाही, कारण कागदावर फ्रिक्वेन्सी अनंतापर्यंत जाते. अडवणारी गोष्ट म्हणजे वापरता येण्याजोगी बँडविड्थ. रेझोनन्स, अॅक्च्युएटरचा वेग, सॅम्पलिंग, सेन्सरचा आवाज यांच्यामुळे एका फ्रिक्वेन्सीच्या पुढे L नगण्य ठेवावाच लागतो. तिला Ω म्हणू.

मागणी अशी: f₁ पर्यंत |S| हे ε च्या खाली हवे. Ω च्या पुढे |S| जवळपास एक. मग खालचे क्षेत्रफळ किमान f₁·ln(1/ε) आहे आणि ते f₁ ते Ω या पट्ट्यातच भरून काढायचे आहे. सर्वांत चांगल्या वाटपातही, म्हणजे सगळीकडे सारखी उंची ठेवली तरी,

```
M ≥ (1/ε)^( f₁ / (Ω − f₁) )
```

M हे |S| चे शिखर. Ω = ५०० हर्ट्झ आणि ε = ०.१ घेऊ. f₁ = ५० हर्ट्झ असेल तर M किमान १.२९, आरामात जमेल. f₁ = १०० ला १.७८, म्हणजे डिझाइन चांगले असेल तर जमेल. f₁ = २०० ला ४.६४. हे लूप कागदावर स्थिर, टेबलावर निकामी. १०० हर्ट्झ ठेवून ε = ०.०१ मागितले तर ३.१६.

Ω च्या पुढची शेपटी पूर्ण शून्य धरणे थोडे कडक आहे. L तिथे ०.१ पासून सुरू होऊन 1/ω² ने विरतो असे मानले, तर शेपटी जास्तीत जास्त ५१ हर्ट्झ-नेपर पोटात घेऊ शकते. १०० हर्ट्झवाल्या मागणीचे क्षेत्रफळ २३० आहे. म्हणजे १.७८ ऐवजी मर्यादा १.५७ पर्यंत उतरते. निकाल तोच राहतो, पण हिशोब सादर करताना हा फरक आधीच सांगितलेला बरा, नाहीतर कुणीतरी १.७ चे डिझाइन आणून दाखवते आणि मग प्रमेयावरच वाद सुरू होतो.

मागणीपत्र हातात आले की कंट्रोलर लिहायच्या आधी ही आकडेमोड करावी. दोन मिनिटे लागतात. M २ च्या वर येत असेल, तर ट्यूनिंगमध्ये आठवडे घालवण्याऐवजी थेट रेझोनन्स वर ढकलण्याबद्दल, म्हणजे जाड शाफ्ट किंवा ताठ कपलिंगबद्दल बोलावे.

त्रास एकाच फ्रिक्वेन्सीचा असेल तर?

तर गोष्ट फार स्वस्त पडते, आणि हे पुरेसे वापरले जात नाही. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी नेमकी मध्यावर फिरत नसल्यामुळे हेड आणि ट्रॅक यांच्यात १२० हर्ट्झची चूक येते. त्यासाठी ० ते १२० हर्ट्झ सगळा पट्टा दाबायची गरज नाही. १२० वर एक अरुंद रेझोनंट फिल्टर कंट्रोलरला जोडला की |S| मध्ये तिथेच एक खाच पडते. खाचेचा आकार

```
(s² + 2ζ₁ω₀s + ω₀²) / (s² + 2ζ₂ω₀s + ω₀²)
```

असा धरला, तर तळाशी गुणोत्तर ζ₁/ζ₂ आणि खर्ची पडलेले क्षेत्रफळ π(ζ₂ − ζ₁)ω₀. ζ₂ = ०.०२, ζ₁ = ०.००२ घेतले तर १२० हर्ट्झची चूक दहापट दबते आणि खर्च फक्त ६.८ हर्ट्झ-नेपर. ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात पसरवला तर |S| दोन टक्क्यांपेक्षाही कमी वर सरकते. रुंद पट्टा दहापट दाबायला वर २३० लागले होते.

मेख अशी की खाच अरुंद असेल तर फ्रिक्वेन्सी नेमकी माहीत हवी. ζ₂ = ०.०२ म्हणजे १२० च्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच हर्ट्झ. वेग तेवढा सरकला की खाचेचा फायदा बराचसा जातो. आणि भर पसरते असे आपण म्हटले, तरी प्रत्यक्षात ती आपोआप सारखी पसरत नाही. फिल्टर चुकीच्या फेजने जोडला तर खाचेला अगदी चिकटून एक टोकदार सुळका उभा राहतो. आलेखावर तो दिसला तर फिल्टरच्या अंशातला फेज बदलावा, गेन नव्हे.

माझ्या सिम्युलेशनमध्ये |S| कधीच एकाच्या वर जात नाही. मग?

L = K/s सारखा काहीतरी वापरला असेल. तिथे छेदाची कोटी फक्त एकने जास्त, त्यामुळे अर्धवर्तुळाचा हिस्सा नाहीसा होत नाही आणि इंटिग्रल −πK/2 येते. K = २० ला −३१.४. चुकीचे काही नाही, फक्त असा प्लांट मिळत नाही.

त्यात एक मिलिसेकंदाचा विलंब टाकून पाहा. इंटिग्रल लगेच शून्य होते. ३१.४ भरून काढणारे क्षेत्रफळ ४००–५०० रेडियन/सेकंदांच्या आसपास जेमतेम दोन टक्के उंचीचा, पण हजारो रेडियन/सेकंद रुंद उंचवटा होऊन बसते. आलेखावर ती रेघ एकावरच आहे असे वाटते, जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. विलंब १० मिलिसेकंद केला की तोच उंचवटा जवळ येतो आणि उंच होतो. अॅक्च्युएटरचा लॅग, सेन्सरचा फिल्टर किंवा सॅम्पलिंग, यातले एक तरी खऱ्या लूपमध्ये असतेच.

अस्थिर प्लांटला जास्त भुर्दंड का पडतो?

कारण उजवी बाजू शून्याऐवजी π·Σp असते. एकही धक्का दाबायची इच्छा नसली, तरी केवळ लूप स्थिर ठेवण्यासाठी तेवढे धन क्षेत्रफळ सोसावे लागते.

ग्रुमनचे एक्स-२९ हे पुढे झुकलेल्या पंखांचे विमान १४ डिसेंबर १९८४ ला पहिल्यांदा उडाले. ते मुद्दाम अस्थिर बनवले होते. गुंटर स्टाइन यांनी १९८९ च्या बोडे व्याख्यानात याच विमानावर हा हिशोब मांडला: अस्थिर पोल साधारण ६ रेडियन/सेकंद, वापरता येण्याजोगी बँडविड्थ साधारण ४०. पोल ६ म्हणजे नाक वर-खाली होण्याची चूक दर ०.१२ सेकंदाला दुप्पट. वैमानिकाच्या हाताला एवढा वेळ पुरत नाही, संगणक चालू राहायलाच हवा.

क्षेत्रफळ π × ६ = १८.८. ते ४० मध्ये सारखे पसरले तरी ln M = ०.४७, म्हणजे M किमान १.६०, आणि तेही कुठेच काही न दाबता. ३ रेडियन/सेकंदांपर्यंत चूक निम्मी हवी म्हटले की क्षेत्रफळ २०.९ होते, पसरायला ३७ उरतात, M किमान १.७६. पोल १२ असता तर काहीही न दाबता २.५७ पासून सुरुवात. म्हणून अशा यंत्रात वेगवान अॅक्च्युएटर ही चैन राहत नाही. त्यातच एखादा अॅक्च्युएटर वेगमर्यादेला भिडला की त्या क्षणापुरती Ω कोसळते, आणि मग लूप स्थिरही राहत नाही.

उजव्या बाजूचा झिरो असेल तर?

मग पसरवायची जागाही मोजकी होते, बँडविड्थ कितीही असो. z या झिरोसाठी पॉइसाँ रूपातले इंटिग्रल लागते, त्यात ln|S| ला 2z/(z² + ω²) हे वजन असते. या वजनाची एकूण बेरीज π, म्हणजे सांत. z च्या बऱ्याच पुढे पसरवलेले क्षेत्रफळ जवळजवळ जमेत धरलेच जात नाही.

ω₁ = z/२ पर्यंत दहापट दाबायचे असेल तर M किमान २.६. ω₁ = z पर्यंत दाबायचे असेल तर किमान १०. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये हा झिरो R(1−D)²/L ला असतो. इथे L म्हणजे इंडक्टन्स, R म्हणजे भाराचा रोध आणि D म्हणजे ड्यूटी सायकल. १० ओहम, D = ०.५ आणि १०० मायक्रोहेन्री घेतले तर २५००० रेडियन/सेकंद, म्हणजे सुमारे ४ किलोहर्ट्झ. भार वाढला, म्हणजे R कमी झाला, की झिरो आणखी खाली येतो. हलक्या भारावर ट्यून केलेला लूप पूर्ण भारावर ओरडतो तो यामुळेच.

डिजिटल कंट्रोलरमध्ये नियम बदलतो का?

इंटिग्रल ० पासून नायक्विस्ट फ्रिक्वेन्सीपर्यंतच असते, आणि उजव्या बाजूला एकक वर्तुळाबाहेरच्या पोलांच्या ln|p| ची बेरीज गुणिले π येते. L मध्ये किमान एका सॅम्पलचा उशीर हवा, तो खऱ्या कंट्रोलरमध्ये असतोच. इथे अनंतापर्यंत पसरायची सोय मुळातच नाही. १ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला सगळा व्यवहार ५०० हर्ट्झच्या आत उरकायचा. म्हणून ‘सॅम्पलिंग हळू केले तरी चालेल’ असे ठरवण्याआधी वरचे M चे सूत्र Ω च्या जागी नायक्विस्ट घालून एकदा काढावे. खरी मर्यादा त्याहूनही कडकच असते.

बेंचवर |S| कसा मोजायचा?

लूप बंद ठेवूनच. कंट्रोलरच्या आउटपुटला एक बेरजेची जागा करा आणि तिथे साइन सिग्नल d मिसळा. मिसळण्याआधीचा सिग्नल x₁, नंतरचा x₂. मग

```
S = x₂ / d
L = −x₁ / x₂
```

सॉफ्टवेअरमधल्या कंट्रोलरला यासाठी वेगळी वायर लागत नाही, दोन व्हेरिएबल नोंदवली की झाले. d चा आकार असा ठेवा की ड्राइव्ह कुठेही मर्यादेला भिडणार नाही, पण एन्कोडरच्या पाच-दहा पायऱ्यांपेक्षा हालचाल मोठी होईल. अपेक्षित शिखराच्या आसपास d आणखी कमी करा, कारण तिथे सिग्नल वाढतो आणि सॅचुरेशन शिखर खोटे बुटके दाखवते. d निम्मा करून पुन्हा मोजल्यावर शिखर बदलले, तर आधीचा आकडा धरू नये.

कमी फ्रिक्वेन्सीला x₂ फार लहान असतो आणि आवाजात बुडतो. तिथे जास्त आवर्तने घेऊन सरासरी काढावी लागते, नाहीतर |S| प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. स्थिर घर्षण असलेल्या मोटरमध्ये तर फार हळू साइनला शाफ्ट हलतच नाही, आणि मोजलेला S म्हणजे घर्षणाचा आलेख निघतो.

मोजमाप झाल्यावर सरळ अक्षावर क्षेत्रफळ काढा आणि शेपटीसाठी K∞/ω जोडा, K∞ म्हणजे L च्या वरच्या टोकाचा −K∞/ω² मधला आकडा. उत्तर शून्यापासून (अस्थिर प्लांटला πΣp पासून) बरेच दूर राहिले, तर बहुतेक वेळा फ्रिक्वेन्सीची पावले इतकी मोठी असतात की टोकदार शिखर दोन बिंदूंच्या मधे निसटते.

फीडफॉरवर्डने यातून सुटका होते का?

हो, कारण हे प्रमेय फक्त फीडबॅकवर आहे. धक्का आउटपुटला पोहोचण्याआधीच वेगळ्या सेन्सरने मोजला, जसे टेबलाच्या पायावर अॅक्सेलरोमीटर बसवून, आणि त्यानुसार मोटरला आधीच दुरुस्ती दिली, तर S ला हातही लागत नाही आणि क्षेत्रफळाचा प्रश्नच येत नाही. तिथली मर्यादा वेगळी: प्लांटचे मॉडेल दहा टक्के चुकले तर दबाव दहापटीच्या पुढे जात नाही. दोन्ही एकत्र वापरले तर रुंद पट्टा फीडफॉरवर्डकडे द्यावा आणि फीडबॅकला K = १०० सारख्या साध्या गेनवरच ठेवावे.